माझ्या एका दिवसाचे भाव

राजीनामा देऊन नोकरी सुटत नाही. ती एफएनएफने, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशेबाने सुटते. फुल अँड फायनल हे नाव ज्याने ठेवलं त्याचा विनोद चांगला असावा, कारण माझ्या हातात पहिल्यांदा आलेला कागद फुलही नव्हता आणि फायनलही नव्हता.

मी 6 नोव्हेंबर 2017ला लागलो आणि 18 जून 2024ला सुटलो. पगार महिना 78,000, त्यात बेसिक 39,000. सुटल्यावर तीन आठवड्यांनी मेल आला. डाव्या बाजूला 'देय', उजव्या बाजूला 'वजावट' आणि तळाला 1,47,992. बायको म्हणाली, "आले ना? मग झालं तर." पण आमचे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं टाइमकीपर होते. त्यांनी चष्मा पुसला, जुन्या डायरीचं कोरं पान काढलं आणि विचारलं, "तुझा एक दिवस कितीचा?"

प्रश्न सोपा वाटला. जूनचे तीस दिवस, म्हणजे 78,000ला तीसने भागून दिवसाला 2,600. त्या हिशेबाने अठरा दिवसांचा पगार 46,800 लावला होता, तो बरोबर होता. मग आल्या शिल्लक रजा. बावीस रजांचे 28,600. बाबा म्हणाले, "इथे तुझा दिवस तेराशेचा झाला." खरंच की! रजेचा हिशेब नुसत्या बेसिकवर होता, 39,000 भागिले तीस. म्हणजे मी कामावर गेलो तर 2,600चा आणि न घेतलेली सुट्टी विकायला काढली तर निम्म्या किमतीचा. भंगारवालासुद्धा रद्दी घेताना आधी जरा लाजतो.

उजव्या बाजूला नजर गेली आणि मी पुन्हा महाग झालो. नोटीस साठ दिवसांची, मी दिली पंचेचाळीस. कमी पडलेल्या पंधरा दिवसांची वसुली 39,000! इथे दिवस 2,600चा. देताना बेसिक, घेताना ग्रॉस. मी तावातावाने एचआरच्या मॅडमना फोन केला. त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "सर, अपॉइंटमेंट लेटरचं पान चार बघाल का?" बघितलं. नोटीस पे ग्रॉसवर, रजा बेसिकवर, आणि खाली माझी सही, चांगली झोकदार. 2017 साली नोकरी लागल्याच्या आनंदात मी काय काय वाचलं नव्हतं, ते असं हप्त्याहप्त्याने कळतंय.

बाबांचं लक्ष मात्र ग्रॅच्युइटीवर होतं. तिथे 1,17,000 लिहिले होते. त्यांनी उलटा हिशेब केला: तेराशे गुणिले पंधरा, गुणिले सहा वर्षं. आणि पेन्सिल खाली ठेवली. आमच्या घरात ही गंभीर घटना असते.

"सव्वीसने भागायचं रे," ते म्हणाले. "महिन्यातले चार रविवार गेले की कामाचे दिवस सव्वीस. कायद्यातच लिहिलंय. आणि सहा वर्षं कुठली? सहा वर्षं सात महिने झालेत. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. सात."

म्हणजे ग्रॅच्युइटीपुरता माझा दिवस पंधराशेचा. पंधरा दिवसांचे 22,500, सात वर्षांचे 1,57,500. फरक पंचेचाळीस हजारांचा, नाही, चुकलो, 40,500चा. (आकडेमोड मला कधीच जमली नाही, म्हणूनच तर हा कागद मी डोळे मिटून मान्य करणार होतो.) इथे अपॉइंटमेंट लेटरचं पान चार चालत नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्यापेक्षा जास्त द्यायला कंपनी मोकळी होती, कमी द्यायला नाही.

मी बाबांचा हिशेब टाइप करून पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "एक्सेल शीटमध्ये फॉर्म्युला जुना राहिला होता." माझ्या आधी सोडून गेलेल्या किती जणांना तो जुना फॉर्म्युला लागला, हे विचारायचं मी टाळलं. अजून पैसे यायचे होते.

सुधारलेला कागद आला. पीएफचे 2,808 आणि प्रोफेशन टॅक्सचे 200 जागच्या जागी, तळाला 1,88,492. फक्त वजावटीत एक ओळ तशीच होती: 'लॅपटॉप चार्जर, 1 नग, 2,400'. लॅपटॉप मी दिला होता, चार्जर सापडत नव्हता. योगायोग असा की त्याच संध्याकाळी तो गावाकडच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेला मिळाला. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन ऑफिसच्या गेटवर हजर.

आयटीचा मुलगा खाली आला, चार्जर न्याहाळला आणि परत माझ्या हातात ठेवला. "सर, याची रिकव्हरी झालीय, एंट्री क्लोज आहे. आता हा तुमचाच."

तो आता आमच्या टीव्हीच्या कपाटात आहे. त्याला बसेल असा लॅपटॉप घरात एकही नाही.