सबळ कारण जोडा म्हणे!

परवा रात्री शाळेच्या अ‍ॅपवर लाल अक्षरांत निरोप आला. ‘रिजेक्टेड. सबळ कारण व पुरावा जोडावा.’

पुरावा! बायको दोन वर्षांसाठी परदेशी पोस्टिंगवर चाललीये, त्याचा पुरावा काय जोडू? हॉलमधल्या उघड्या बॅगांचा फोटो? की गेले पंधरा दिवस आईचा पदर न सोडणाऱ्या पोरीचा? पोरीसाठी पाच दिवसांची रजा मागितलीये हो, सोमवार ते शुक्रवार. शाळेची मालमत्ता नाही मागितली.

मुळात त्या अ‍ॅपचा फॉर्म कोणी बनवला ते मला एकदा बघायचंय. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय. मेडिकल, कुटुंबात निधन आणि अदर. म्हणजे पोर आजारी पाहिजे नाहीतर घरात कुणीतरी गेलेलं पाहिजे. जिवंत माणूस लांब चाललंय, ही भानगड कुणाच्या डोक्यातच आली नाही. मी निमूटपणे ‘अदर’ निवडलं. तर खाली ऐंशी अक्षरांची चौकट. ‘आईची परदेशी पोस्टिंग, निरोपासाठी दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि नातेवाईक येणार’ एवढं कोंबलं आणि पुढे ‘गुरुवारी पहाटेचं विमान’ लिहिताना चौकटीनं हात वर केले.

मग सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, “अच्छा, पोस्टिंग का? मग बाबा कधी जाताहेत?” म्हटलं, बाबाच बोलतोय. बाबा कुठेही जात नाहीयेत. आई जातेय. पलीकडे दोन सेकंद शांतता. “पण सिस्टिममध्ये फादर्स ट्रान्सफर असंच येतं.” येत असेल बाई, सिस्टिममध्ये पुष्कळ काय काय येतं.

आता खरा प्रकार ऐका. नियम असा, की रजा चौदा दिवस आधी कळवायची आणि सोबत तिकिटाची प्रत जोडायची. ज्यांच्या घरात कधी पोस्टिंग झालंय ते इथेच हसतील. ऑर्डर महिन्यापूर्वी आली, पण तारखेपुढे लिहिलेलं ‘अंदाजे’. मग पासपोर्ट व्हिसासाठी जाऊन बसला. तो परत येईपर्यंत ऑफिस तिकीट काढत नाही, कारण व्हिसा लांबला तर तिकीट बदलायचे पैसे त्यांना पडतात. पासपोर्ट आला मंगळवारी, तिकीट आलं बुधवारी आणि निघायचं पुढच्या गुरुवारी. म्हणजे तिकीट जन्माला आलं तेच मुळी आठ दिवस आधी! चौदा दिवस आधी कळवलं असतं तर पुरावा नाही म्हणून अर्ज परत, आणि पुरावा आल्यावर कळवलं तर उशीर झाला म्हणून परत. ऑर्डरची प्रत देता आली असती, पण तिच्यावर पगारापासून सगळं छापलंय, आणि ते शाळेच्या अ‍ॅपवर कोण कोण उघडून बघणार, देव जाणे.

बाईंनी मध्येच गणित घातलं. “विमान गुरुवारचं आहे ना? मग बुधवारपर्यंत येऊ दे की शाळेत.” अहो, गुरुवारचं म्हणजे पहाटे दोन चाळीसचं! त्याआधी तीन तास विमानतळावर हजर व्हायचं म्हणजे घरातून बुधवारी रात्री नवालाच निघायचं. बुधवार हाच शेवटचा दिवस. त्या दिवशी पोरीला अपूर्णांक शिकवायचे आहेत का तुम्हाला? “आणि फॅमिली गॅदरिंग शनिवार-रविवारी नाही का ठेवता येणार?” गॅदरिंग! जणू मी सभागृह बुक केलंय. तिचे आईवडील, माझे आईवडील, तिचा भाऊ, माझी ताई, सगळे मिळेल त्या गाडीनं येणार. कुणी शनिवारी, कुणी सोमवारी रात्री. म्हाताऱ्या माणसांना काय सांगू, शाळेचं वेळापत्रक बघून डोळे पुसा?

वर्षाला दोनशे दिवस शाळा धरली तर हे पाच दिवस अडीच टक्के होतात. यंदा पोरीची शाळा आतापर्यंत तीनच दिवस बुडालीये, तेही खरोखरच्या तापानं. आणि हे कोण सांगतंय? जे रात्री साडेदहाला ‘उद्या पिवळा ड्रेस आणि मोठा पुठ्ठा आणावा’ असं कळवतात ते. पालक सभा कामाच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवतात ते. आम्ही तेव्हा चौदा दिवस आधी कळवा म्हणालो? साडेदहाला पुठ्ठा शोधत फिरलो!

पण डोकं फिरलं ते यानंतर. मंगळवारी वीस मार्कांची विज्ञानाची चाचणी आहे. ती परत घेतात, पण फक्त मेडिकल असेल तर. हे सांगून बाईंनी आवाज खाली केला. “सर, तुम्ही सरळ व्हायरल फीवर लिहा ना. सगळे तेच लिहितात. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की लगेच पास होतं.” म्हणजे खरं बोलणाऱ्याला पुरावा आणि खोटं बोलणाऱ्याला फेरपरीक्षा! फोन स्पीकरवर होता. पोरगी शेजारी बसून चप्पलचा पट्टा लावत होती. तिनं विचारलं, “बाबा, मग सोमवारनंतर मॅडमनी विचारलं तर मी खोकायचं का?”

तिथेच ठरवलं, आता परवानगी मागायची नाही, कळवायचं. दुपारी ऑफिसचं काम बाजूला टाकून अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात ‘मूलभूत अधिकार’ हा शब्द तीनदा. बायकोनं बॅग भरता भरता वाचला आणि म्हणाली, “हा रजेचा अर्ज आहे की वकिलाची नोटीस?” मग तिनंच चार ओळी सांगितल्या. कुठल्या तारखेपासून गैरहजर, कुठल्या तारखेला परत हजर, आई कुठल्या रात्री निघणार आणि चाचणी कधी देता येईल. संपलं. तेवढ्यात पोरीनं वाकून बघितलं. “बाबा, तुम्ही चौथी ब लिहिलंय. मी क मध्ये आहे. जूनपासून.”

अ‍ॅपवर बघितलं. तिथेही ब. रिजेक्ट करणाऱ्या मॅडम तिच्या वर्गशिक्षिकाच नव्हत्या. अनोळखी बापानं अनोळखी पोरीची रजा मागितल्यावर त्या बिचाऱ्यांनी आणखी काय मागायचं होतं? आणि हो, मागच्याच महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका पोराच्या रजेवर ‘कारण सविस्तर लिहावे’ असा शेरा मारणारा महाभाग मीच. तो भावाला सोडायला चालला होता.

तरी राग गेलेला नाही, सांगून ठेवतो. वर्ग सुधारून नवा अर्ज टाकायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं, याच तारखांचा एक अर्ज आधीच आहे. रिजेक्ट झालेला अर्ज आहेच कसा? तो काढून टाकायचं बटण नाही. शोधलं. दोनदा.

शेवटी चार ओळी कागदावर लिहून, खाली सही करून, पोरीच्या डायरीत टाचल्या. आज संध्याकाळी डायरी परत आली. क च्या मॅडमनी लाल पेनानं लिहिलंय, ‘पाहिले. चाचणी पुढच्या सोमवारी घेऊ. आईला शुभेच्छा.’

अ‍ॅपवर अजून लालच आहे.