ॲल्युमिनियममध्ये करंट तयार होतो, अडतं ते रोधापाशी

इंडक्शन शेगडीबद्दल असं म्हटलं जातं: «इंडक्शन चुंबकाने भांडं तापवतं. ॲल्युमिनियम आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्यांत करंटच तयार होत नाही. स्टीलचं भांडं मात्र चालणारच. खरं तर फ्रिक्वेन्सी जरा वाढवली की कुठलंही भांडं तापेल, पण कंपन्या मुद्दाम तसं करत नाहीत.»

करंटच तयार होत नाही, हे विधान उलट आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र कुठल्याही वाहक धातूत भोवरे घेणारा प्रवाह, म्हणजे एडी करंट, निर्माण करतं. त्यासाठी धातू चुंबकीय असायची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या बुडातही भरपूर करंट वाहतो. तरी पातेलं तापत नाही, कारण उष्णता नुसत्या करंटवर ठरत नाही. करंटचा वर्ग गुणिले रोध असा तो हिशेब आहे, आणि ॲल्युमिनियमचा रोध फारच कमी आहे.

इथे एक रास्त शंका येते: रोध कमी असेल तर करंट जास्त वाहील आणि उष्णता वाढेल, नाही का? ठरावीक व्होल्टेजच्या प्लगला जोडलेल्या तारेत तसं होतं. शेगडीतली कॉइल आणि भांडं ही मात्र ट्रान्सफॉर्मरची जोडी आहे. कॉइल प्रायमरी, आणि भांड्याचं बूड म्हणजे एका वेढ्याची शॉर्ट झालेली सेकंडरी. बुडातला करंट कॉइलच्या क्षेत्राला विरोध करतो, आणि ते क्षेत्र जवळपास पूर्ण अडवण्याइतका झाला की तिथेच थांबतो. म्हणजे करंटची मर्यादा कॉइल ठरवते. रोध आणखी कमी केला तरी करंट वाढत नाही, उष्णता मात्र घटते.

आता रोध किती ते पाहू. शेगडी वीस-तीस किलोहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, आणि तिथे करंट बुडाच्या पूर्ण जाडीतून वाहत नाही, कॉइलकडच्या पातळ थरात गोळा होतो. फ्रिक्वेन्सी आणि धातूची चुंबकीय पारगम्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्र आत सामावण्याची क्षमता, जितकी जास्त, तितका हा थर पातळ. २४ किलोहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये तो सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. ४३० ग्रेडच्या चुंबकीय स्टीलमध्ये पारगम्यता हवेच्या २०० पट धरली, तर थर जेमतेम ०.१८ मिलिमीटर उरतो. एक तर स्टीलची रोधकता ॲल्युमिनियमच्या वीसेक पट, त्यात करंटला वाट अरुंद. दोन्ही मिळून ४३० स्टीलचा पृष्ठभागाचा रोध ॲल्युमिनियमच्या सुमारे ६५ पट होतो. चुंबकत्वाचं खरं काम हेच: करंटला पातळ थरात कोंबणं. लोखंडाची चुंबकदिशा सतत उलटसुलट होण्यातूनही थोडी उष्णता निघते, पण मोठा वाटा एडी करंटचाच.

यावर शंका असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा विचार करा. फॉइलची जाडी सुमारे १५ मायक्रॉन, म्हणजे त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकी. करंटला पसरायला जागाच नाही, म्हणून त्याच ॲल्युमिनियमचा रोध पस्तीसेक पटींनी वाढतो आणि चुंबकीय स्टीलच्या जवळ जातो. परिणामी चालू शेगडीवर फॉइल झपाट्याने तापते, वितळून काचेला चिकटूही शकते. प्रयोग म्हणून हे करू नका. आणि भांड्याखाली फॉइल घालून काच स्वच्छ ठेवायची सवय असेल, तर ती याच कारणासाठी सोडा.

«स्टील म्हणजे चालणारच» यात गोंधळ ग्रेडचा आहे. १८/८ किंवा ३०४ स्टील चुंबकीय नाही. त्यात करंटचा थर पावणेतीन मिलिमीटर खोल जाऊ शकतो, म्हणजे नेहमीच्या पातेल्याच्या बुडाहून जाडच. बूड पातळ असेल तर रोध तसा वाईट नसतो, ४३० च्या तिसऱ्या हिश्शापर्यंत येतो. पण असं भांडं ठेवलं की कॉइलचं इंडक्टन्स घटतं, सर्किटची अनुनाद फ्रिक्वेन्सी वर सरकते, आणि कंट्रोलर «भांडं नाही» असं समजून टिकटिक करत बंद होतो. शेगडी बिघडलेली नसते.

चुंबक लावून पाहायची युक्ती चांगली, पण चुंबक लावायचा बुडाला. ३०४ चा पत्रा दाबून खोल पातेलं घडवताना कडेच्या धातूची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि तिथे चुंबक हलकासा धरतो. कडेला चिकटला म्हणून घेतलेलं पातेलं घरी आल्यावर चालत नाही, ते यामुळे. बुडाच्या मध्यापासून काठापर्यंत चुंबक सरकवत न्या. सगळीकडे घट्ट धरला पाहिजे. ॲल्युमिनियमच्या तव्याखाली भोकांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असेल, तर चुंबक चिकटेल, पण तवा चकतीपुरताच जोरात तापेल आणि भाकरी मधेच करपेल. बूड वर उचललेलं असेल तरी जोर कमी पडतो, कारण काचेच्या जाडीत ते अंतर मिळून भांडं कॉइलपासून आणखी लांब जातं.

राहिला फ्रिक्वेन्सी «जरा» वाढवण्याचा मुद्दा. एक हिशेब करू. ४३० बुडाचं भांडं ठेवल्यावर कॉइलला त्याचा रोध २.५ ओहम जाणवतो आणि कॉइलचा स्वतःचा ०.१ ओहम आहे, असं धरा. भांड्यात १८०० वॉट उतरवायला कॉइलमधून सुमारे २७ अँपिअर लागतात, आणि कॉइलमध्ये ७२ वॉट वाया जातात. पंखा तेवढे सहज काढून टाकतो. आता जाड ॲल्युमिनियम ठेवा. जाणवणारा रोध ०.०४ ओहमच्या आसपास येईल. तेच १८०० वॉट हवे असतील तर २१२ अँपिअर लागतील आणि कॉइलमध्येच ४५०० वॉट जळतील. भांड्याआधी कॉइल आणि तिचा करंट चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे आयजीबीटी, जातील, म्हणून शेगडी आधीच नकार देते.

रोध फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २४ ची ९६ किलोहर्ट्झ केली तरी ०.०४ चे फक्त ०.०८ होतात, उलट आयजीबीटीचा स्विचिंगमधला तोटा साधारण चौपट होतो. कॉइलचे वेढे दुप्पट केले तर करंट निम्म्यावर येतो, पण तेवढ्याच जागेत तार अर्ध्या काटछेदाची घ्यावी लागल्याने कॉइलचा रोधही भांड्याच्या रोधाबरोबर चौपट होतो. म्हणजे वाया जाणाऱ्या विजेचं प्रमाण तेच राहतं. ते सुधारायला कॉइल आणखी बारीक, एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या तारांची हवी आणि स्विचही जास्त वेगाचे हवेत, आणि दोन्ही महाग.

तरीही अशा शेगड्या निघाल्या आहेत. जपानमध्ये सर्व धातू चालणारी मॉडेल्स विकली जातात आणि ती नेहमीच्या शेगडीपेक्षा बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. त्यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली: ॲल्युमिनियममधला तो प्रचंड करंट कॉइलच्या क्षेत्राला दूर ढकलतो, त्यामुळे हलकं भांडं उचललं जाऊन सरकतं. नेहमीच्या शेगड्यांची फ्रिक्वेन्सी मात्र वीस-तीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ठेवतात, कारण त्याखाली गेलं तर भांड्याची शिट्टी कानाला ऐकू येते आणि फार वर गेलं तर स्विचिंगचा तोटा वाढतो.

हातातलं ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं वापरायचंच असेल, तर लोखंडी चकती मधे ठेवता येते. मग ती हॉट प्लेट होते: उष्णता चकतीतून भांड्यात संथपणे जाते, बंद केल्यावरही चकती गरम राहते, आणि काचेखालच्या सेन्सरला भांड्याऐवजी चकतीचं तापमान कळतं. दूध तापवताना आच मध्यम ठेवा आणि उतू जायच्या बरंच आधी बंद करा.