ठिपके वाकले की ते काहीतरी सांगत असतात

"डेटा नॉर्मल आहे का हे बघायला नॉर्मल प्रॉबॅबिलिटी प्लॉट काढा. सगळे ठिपके रेषेवर बसले तर नॉर्मल, नाहीतर नाही. नमुने ३० च्या वर असतील तर तेही बघायची गरज नाही, डेटा आपोआप नॉर्मल होतो. आणि टोकाचे एक-दोन ठिपके त्रास देत असतील तर काढून टाका, रेष सरळ येते."

हा मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. पाठवणाऱ्यांत प्रोजेक्ट करणारी मुलं होती आणि त्यांना शिकवणारेही. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. पुढच्या तिन्ही वाक्यांनी नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

उदाहरण घरचंच घेतो. आमचं गाव वाळवा तालुक्यात. गेल्या हंगामात आमच्या भागातल्या उसाच्या दहा गाड्यांना कारखान्यावर नंबर घेतल्यापासून काट्यावर चढेपर्यंत किती तास लागले, ते मी वहीत लिहून ठेवलं. चढत्या क्रमाने ते असे: २, ३, ४, ५, ६, ७, ९, १२, १६, २६. सरासरी ९ तास, प्रमाण विचलन सुमारे ७.३५.

आता आलेख कसा बनतो ते बघू, कारण ते कळलं की बाकीचा निम्मा घोळ मिटतो. दहा आकडे खरोखर नॉर्मल असते तर सगळ्यात लहान आकडा सरासरीच्या किती खाली असता, त्याच्या पुढचा किती, असं प्रत्येकाचं अपेक्षित स्थान काढायचं. त्यासाठी एकूण n आकड्यांतल्या i क्रमांकाच्या आकड्याला (i − 0.375) / (n + 0.25) एवढा हिस्सा देतात आणि त्या हिश्श्याला नॉर्मल वक्रावर कुठलं z येतं, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूरची जागा येते, ते बघतात. दहा आकड्यांसाठी ही स्थानं −१.५५, −१.००, −०.६६, −०.३८, −०.१२ आणि तीच पुढे अधिक चिन्हाने येतात. आडव्या अक्षावर ही स्थानं, उभ्या अक्षावर आपले तास. डेटा नॉर्मल असेल तर ठिपके साधारण सरळ रेषेत येतात.

आमच्या गाड्यांची रेष 9 + 7.35z अशी धरली, तर पहिल्या गाडीला उणे २.४ तास लागायला हवे होते. म्हणजे नंबर घेण्याआधीच गाडी काट्यावर! प्रत्यक्षात लागले २, म्हणून ठिपका रेषेच्या वर. मधल्या पाचव्या गाडीला रेष सांगते ८.१ तास, लागले ६. हा ठिपका रेषेच्या खाली. शेवटच्या गाडीला रेष सांगते २०.४, लागले २६. पुन्हा वर. दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, म्हणजे ठिपक्यांची वाटी झाली. तास उभ्या अक्षावर असताना अशी वाटी दिसली की डेटाचं शेपूट उजवीकडे लांब आहे. बहुतेक गाड्या लवकर सुटतात, थोड्या फार रखडतात. वाटी उलटी पडली असती तर शेपूट डावीकडे. सोप्या पेपरात बहुतेकांना भरपूर मार्क पडले आणि चार-पाच जण खूप मागे राहिले, तर तसं होतं.

म्हणून 'नाहीतर नाही' एवढ्यावर थांबणं म्हणजे आलेख काढून तो न वाचणं. वाकण्याची तऱ्हा हाच त्यातला मजकूर आहे. डावं टोक रेषेखाली आणि उजवं टोक वर गेलं तर दोन्हीकडची शेपटं नॉर्मलपेक्षा जड असतात, आणि नेमकं उलट झालं तर हलकी. मात्र आधी अक्ष बघा. काही सॉफ्टवेअर डेटा आडव्या अक्षावर घेतात, मग वाटी उलटी दिसते आणि अर्थ चुकीचा लागतो.

'सगळे ठिपके रेषेवर' ही अटही फार कडक आहे. अस्सल नॉर्मल डेटातून दहा आकडे उचलले तरी टोकाचे ठिपके इकडेतिकडे सरकतात, आणि ते अपेक्षितच आहे. किती सरकणं चालतं याचा अंदाज डोळ्याला यावा म्हणून मी मुलांना आर या सॉफ्टवेअरमध्ये एवढं करायला लावतो:

```
x <- c(2,3,4,5,6,7,9,12,16,26)
qqnorm(x); qqline(x)
par(mfrow=c(3,3))
for(i in 1:9) qqnorm(rnorm(10))
```

शेवटच्या ओळीने अस्सल नॉर्मलचे नऊ आलेख निघतात. आपला आलेख त्यांत मिसळून गेला तर आक्षेप घेऊ नका. दहाच ठिपके असतील तर त्या नवांतही एखादी छोटी वाटी दिसते, हे मान्य करायला हवं. माझा भरवसा आलेखाइतकाच कारणावरही आहे: वेळ शून्याच्या खाली जात नाही, पण वर कितीही लांबते.

३० चा आकडा येतो सेंट्रल लिमिट थिअरममधून. ते प्रमेय सरासरीबद्दल बोलतं. वेगवेगळे नमुने घेऊन काढलेल्या सरासऱ्या नॉर्मलच्या जवळ जातात, एकेका गाडीचे तास नाही. मी दहाऐवजी तीनशे गाड्या लिहिल्या असत्या तर वाटी गेली नसती, उलट जास्त स्वच्छ दिसली असती. फक्त सरासरी हवी असेल तर मोठ्या नमुन्यात हा वाकडेपणा बऱ्यापैकी खपून जातो, शेपूट फार लांब असेल तर तिथेही ३० पुरत नाहीत.

टोकाचे ठिपके काढण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. २६ तासांची गाडी माझ्या चुलत्यांची. ते रात्रभर यार्डात ट्रॅक्टरवर बसून होते. तो आकडा खोटा नाही. शिवाय तो काढला तरी काम होत नाही. उरलेल्या नऊ गाड्यांची सरासरी ७.१ तास येते, मधली गाडी ६ तासांची, आणि नवी रेष काढली की २ आणि १६ दोन्ही पुन्हा रेषेच्या वर. वाटी तशीच. ठिपके हळूहळू वळत गेले असतील तर तो डेटाचा आकार असतो. बाकी सगळे सरळ असून एकच ठिपका एकटा उडाला असेल, तर वही उघडून नोंद तपासा. चूक सापडली तरच हात लावा.

अशा वाटीवर उपाय असा की आकड्यांचे नैसर्गिक लॉग घ्यायचे. आमचे होतात ०.७, १.१, १.४, १.६, १.८, १.९, २.२, २.५, २.८, ३.३. यांचा `qqnorm(log(x))` काढला की ठिपके जवळजवळ सरळ येतात.

चुलत्यांचा प्रश्न साधा होता: शंभरातल्या ९५ गाड्या किती तासांत सुटतात, म्हणजे तेवढं डिझेल आणि जेवण धरून निघता येईल? नॉर्मल धरून उत्तर येतं २१ तास. लॉगवर हिशेब करून परत तासांत आणलं तर सुमारे २५. दहा गाड्यांवरून काढलेला २५ हा मोघमच आकडा आहे, पण २१ धरून निघालेला माणूस उपाशी राहण्याची शक्यता जास्त. यंदा गाड्या जास्त लिहिणार आहे, आणि बैलगाड्या व ट्रॅक्टर वेगळ्या पानांवर. दोघांच्या रांगा वेगळ्या असतात. एकत्र केलं तर आलेखात मध्येच पायरी पडते, आणि मग लॉग घेऊनही ती जात नाही.