माडवाले, कौलवाले आणि मधला मी

आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर एक माड आहे. उभा एकाच्या परसात आणि वाकलाय दुसऱ्याच्या छपरावर. गेल्या पावसात एक चुडत आणि दोन नारळ खाली आले, अकरा मंगळुरी कौलं फुटली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. मी वाड्याच्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे मांडव घालायला आणि शिव्या खायला असतो तो माणूस, त्यामुळे सगळे म्हणाले की दोघांना समोरासमोर बसवायचं पत्र तूच लिही. चार ओळींचं तर पत्र, चहा गार व्हायच्या आत होईल असं वाटलेलं. आठवडा गेला.

पहिल्या ड्राफ्टचा विषय होता, ‘माडामुळे झालेल्या नुकसानीच्या तक्रारीबाबत’. बायकोने वाचलं आणि म्हणाली, निकाल तर तुम्ही इथेच देऊन टाकला, मग मीटिंग कशाला? बरोबरच होतं तिचं. ‘माडामुळे’ म्हटलं की माडवाला दोषी, ‘तक्रार’ म्हटलं की एकजण फिर्यादी आणि दुसरा आरोपी, आणि ‘नुकसान’ शब्दात तर भरपाई आधीच मोजलेली असते. शेवटी विषय झाला, ‘दोन घरांमधल्या माडाबाबत बोलणं’. अगदी अळणी. पण अशा पत्रात मीठ घातलं की ते कोणाच्यातरी जखमेवरच पडतं. (मी त्यांना माडवाले आणि कौलवाले म्हणतोय ना, हेसुद्धा पत्रात चालणार नाही, तिथे दोघेही नुसते ‘श्री.’)

मग नावं. कोणाचं आधी? वयाने लावलं तर कौलवाले वर, बाराखडीने लावलं तर माडवाले, आणि यादीत दुसरा आला तो म्हणणार बघा, ह्याला आधीच खाली ढकललाय. म्हणून दोन पत्रं केली, मजकूर अक्षरन् अक्षर तोच, फक्त ज्याचं पत्र त्याचं नाव वर.

वेळेवर तर माझी अक्कलच संपली. दुपारी एक ते चार बोलावलं तर गोव्यात कोणीही शत्रूच होईल, रविवारी सकाळी दोघंही नुस्त्याच्या बाजारात, सोमवारी माडवाल्यांचं भजन, गुरुवारी कौलवाल्यांचा उपास (उपाशी माणसाला समजूत घालू नये). शनिवार संध्याकाळ साडेपाच ठरली, आणि साडेसहाला संपणार हेही लिहिलं, कारण संपायची वेळ नसेल तर बोलणं 1990 च्या कुंपणापर्यंत मागे जातं. जागा देवळाची अग्रशाळा, कारण कोणाच्याही घरी बसवलं तर दुसरा पाहुणा होतो, आणि पाहुण्याला भांडता येत नाही.

अध्यक्ष कोण? निवृत्त हेडमास्तर सुचले, पण त्यांनी माडवाल्यांच्या मुलाला दोनदा नापास केलेलं. सरपंच नको, मतं आहेत. शेवटी शेजारच्या वाड्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर तयार झाले, आणि स्वतःच म्हणाले, अरे मी नारळ माडवाल्यांकडूनच घेतो, ते पत्रात लिही. लिहिलं. लपवलं असतं तर मीटिंगच्या मध्येच बाहेर आलं असतं, आधी कळलं तर ज्याला ते अध्यक्ष नकोत तो आधीच बोलू शकतो. त्यांना ‘पंच’ मात्र म्हटलं नाही, पंच निकाल देतो आणि हे फक्त बोलणं चालवणार.

शेवटी पत्र झालं ते असं:

‘सप्रेम नमस्कार. दोन घरांमधल्या माडाबाबत दोघांनीही आपलं म्हणणं मांडावं म्हणून शनिवारी संध्याकाळी 5.30 ते 6.30 अग्रशाळेत बसायचं आहे. अध्यक्ष बोलणं चालवतील, निर्णय देणार नाहीत. ते दोघांपैकी एका घराकडून नारळ विकत घेतात, हरकत असल्यास बुधवारपर्यंत कळवा. प्रत्येकाला मध्ये न थांबवता दहा मिनिटं, सुरुवात कोणी करायची ते चिठ्ठी टाकून. येणं म्हणजे चूक मान्य करणं नव्हे. तिथलं बोलणं तिथेच राहील, दोघांना पटेल तेवढंच कागदावर येईल. सोबत एक माणूस आणता येईल, त्याचं नाव खालच्या चिठ्ठीवर लिहून द्या. वेळ जमत नसेल तर दुसरी सुचवा. हेच पत्र दुसऱ्या घरीही आजच दिलं आहे.’

‘माड तोडायचा का’ हे मुद्दाम घातलं नाही. झाड तोडायला सरकारी परवानगी लागते, ते अग्रशाळेत चहा पिऊन ठरत नाही. पाडेल्याला कधी बोलवायचं, सुकी चुडतं कोणी काढायची, कौलांचे पैसे कसे, एवढंच आपल्या हातातलं.

वाटायलाही पंचाईत, एकाला आधी दिलं तर दुसऱ्याला ते शिळं. म्हणून बरोबर पाच वाजता मी एका दारात आणि माझा पोरगा दुसऱ्या दारात, मोबाईलवर एकमेकांना ‘आता दे’ करत.

बुधवारी दोन्ही चिठ्ठ्या आल्या. वेळ मान्य, जागा मान्य, अध्यक्ष मान्य. सोबत येणाऱ्या माणसाच्या रकान्यात दोघांनीही माझंच नाव लिहिलंय.