वर्तुळ, संदेश आणि शेवटची ओळ

“मोठा लेख संपवायचा कसा, हा काही प्रश्नच नाही. सुरुवातीच्या प्रसंगाकडे परत या, वर्तुळ पूर्ण होतं. मग एका ओळीत संदेश द्या, नाहीतर वाचक रिकाम्या हाताने जातो. शेवटची ओळ म्हणजे सगळ्या लेखाचं सार. ती जमली की लेख जमला.”

हा मजकूर मराठीत लिहिणारे लोक एकमेकांना पाठवत असतात. इंदुरात आमच्याकडे दिवाळी अंकासाठी येणाऱ्या लेखांवर त्याचा परिणाम मला दर वर्षी दिसतो. लेख तीन-चार हजार शब्द चांगला चालतो आणि शेवटच्या दोन परिच्छेदांत एकदम कोणाही दुसऱ्याचा वाटायला लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. उदाहरण एकच ठेवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

लेख होता इंदूरच्या हुकुमचंद मिल या कापडगिरणीच्या कामगारांवरचा. गिरणी १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, पुढे अवसायनात गेली. कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. सुमारे २२४ कोटी रुपये, सुमारे ४,८०० कामगार. एवढ्या वर्षांत कित्येक जण गेले, त्यांच्या वाटचे पैसे बायकामुलांनी घेतले. आणि या सगळ्या काळात अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे ट्रॉल्यांवरचे सजवलेले देखावे, मात्र निघत राहिल्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार ही नावं इंदूरकरांना आज गिरण्यांपेक्षा झांक्यांमुळेच जास्त आठवतात. लेखाचा प्रश्न सरळ होता: ज्या गिरणीने पगार थकवला, तिच्याच नावाने वर्गणी गोळा करून ही माणसं रात्र रात्र का जागत राहिली?

लेखाची सुरुवात चतुर्दशीच्या रात्रीची होती. झांकी राजवाड्याकडे वळते आहे आणि विणकाम खात्यातला एक म्हातारा कामगार ट्रॉलीच्या बाजूने चालतो आहे. पहिल्या खर्ड्याचा शेवटही तिथेच होता. तोच म्हातारा, तोच राजवाडा, आता पहाट झालेली. त्यापुढे दोन वाक्यं: “गिरणीचा भोंगा थांबला, पण श्रद्धेचा भोंगा अजून वाजतो आहे. हा वारसा आपण सर्वांनी जपला पाहिजे.”

वर्तुळाबद्दल

अशा शेवटाची एक सोपी परीक्षा आहे. लेखाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद कापून एका कोऱ्या पानावर एकाखाली एक चिकटवा. मधलं काहीच न वाचता ते दोन नीट जुळले, वाचायला गोड लागले, तर शेवट फसला आहे. कारण मधल्या साडेतीन हजार शब्दांची त्याला गरजच पडलेली नाही. आमच्या लेखात नेमकं हेच झालं. झांकी, म्हातारा, राजवाडा; आणि लगेच खाली म्हातारा, राजवाडा, पहाट. मधे गिरणी बंद पडली होती, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या, एका बाईला नवऱ्याची देणी त्याच्या पश्चात मिळाली होती. शेवटाला यातल्या कशाचाही पत्ता नव्हता.

परत येणं मुळातच चूक आहे असं माझं म्हणणं नाही. ते एकाच स्थितीत चालतं. मधल्या मजकुरातून वाचकाला असं काही कळलेलं असलं पाहिजे की तोच प्रसंग आता त्याला वेगळा दिसेल, आणि वेगळा दिसतो हे लेखकाला सांगावं लागणार नाही. सुरुवातीला ज्याच्या हातात दोर आहे तो नुसता माणूस असतो. मधे कळतं की त्याचा मुलगा या झांकीला विरोध करायचा. शेवटी दोर मुलाच्या हातात आहे. असं खरोखर घडलेलं असेल तर जरूर परत जा. नुसती वेळ बदलली, रात्रीची पहाट झाली, तर काहीच बदललेलं नसतं. पहाट रोजच होते.

लांब लेखात आणखी एक अडचण येते. लहान स्फुटात सुरुवात वाचकाच्या डोळ्यांसमोर असते, तिकडे वळलेलं त्याला लगेच ओळखू येतं. चार हजार शब्दांनंतर ती अंधुक झालेली असते. मग आठवण करून देण्यासाठी लेखक सुरुवातीचे शब्द पुन्हा लिहितो आणि ती नुसती पुनरुक्ती होते.

संदेशाबद्दल

वाचक रिकाम्या हाताने जाईल ही भीती मला कळते. लेखामागे काही मत असलंच पाहिजे, हेही मान्य. फक्त त्या मताची जागा शेवटची ओळ नव्हे. लेखाचा साधारण तीन चतुर्थांश भाग झाला की वाचकाच्या हाती पुरेसा ऐवज असतो आणि त्याचं लक्षही असतं. लेखकाला जे म्हणायचं आहे ते तिथे, स्पष्ट शब्दांत, कारणांसह म्हणावं. आमच्या लेखात ते असं झालं: झांकी ही कामगारांच्या दृष्टीने गिरणीच्या मालकीची नव्हतीच, ती त्यांची होती, आणि गिरणी बंद झाल्यावर एकत्र येण्याचं तेवढंच एक निमित्त उरलं. हे देण्यांच्या हकिगतीनंतर लगेच आलं. तिथे ते पटतं, कारण त्याच्या मागेपुढे पुरावा उभा आहे. शेवटी एकटं आलं असतं तर उपदेश झाला असता.

उपदेश ओळखायचा कसा? शेवटची ओळ उचलून दुसऱ्याच लेखाला लावून बघा. “हा वारसा आपण सर्वांनी जपला पाहिजे” ही ओळ बडोद्याच्या वाड्यांवरच्या लेखाला चालते, ग्वाल्हेरच्या गायकीवरच्या लेखाला चालते, एखाद्या विहिरीवरच्या लेखालाही चालते. म्हणजे ती या लेखाची नाहीच. “पाहिजे”, “हवं”, “आपण सर्वांनी”, “गरज आहे” हे शब्द शेवटच्या परिच्छेदात दिसले की मी तिथे पेन्सिलीने रेघ ओढतो. शेवटी टाकलेला प्रश्नही बहुतेक वेळा उपदेशच असतो. “आपण हे जपणार आहोत का?” याचं उत्तर लेखकाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

भोंग्याचं वाक्य त्याहून फसवं होतं, कारण ते ऐकायला छान आहे. पण श्रद्धेला भोंगा नसतो, आणि लेखातल्या एकाही कामगाराने श्रद्धेबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. ते बोलले होते खर्चाबद्दल, दिव्यांच्या माळांबद्दल, वर्गणीबद्दल आणि मेलेल्या सोबत्यांबद्दल. ते वाक्य लेखकाच्या मनातलं होतं, लेखातलं नव्हतं.

संदेश दुसऱ्याच्या तोंडून वदवला की तो चालतो, असंही काही जण मानतात. या लेखात एका कामगाराचं बोलणं होतं: “पैसा आला, गिरणी नाही आली.” दुसऱ्या खर्ड्यात लेखकाने ते शेवटी नेलं. वाक्य उत्तम आहे आणि खरं आहे, पण शेवटी ठेवल्यावर ते लेखाचा निकाल सांगितल्यासारखं वाटायला लागलं. देणी मिळाल्याच्या परिच्छेदात परत नेलं तेव्हा ते पुन्हा त्या माणसाचं झालं.

साराबद्दल

मला सर्वांत जास्त हरकत याच मुद्द्याला आहे. सार म्हणजे वाचकाला आधीच ठाऊक झालेलं. शेवटच्या ओळीत त्याला न कळलेलं काहीतरी हवं. लहानसं, डोळ्यांना दिसणारं, आणि ज्याचा अर्थ लावायला लागणारं सगळं आधी सांगून झालेलं आहे असं. तेव्हा ती ओळ वाचून झाल्यावर वाचक स्वतःच मागे जातो आणि सगळं जोडतो. ते काम त्याच्याकडेच राहू द्यावं.

असा तपशील लिहिता लिहिता सुचत नाही, तो टिपणवहीत असतो. मी त्या लेखकाला वही पुन्हा वाचायला सांगितली आणि एकच गोष्ट शोधायला लावली: जे लिहून घेतलं पण लेखात कुठेच वापरलं नाही. त्यात एक पावती निघाली. देणी मिळाल्यानंतरच्या गणपतीत, २०२४ मध्ये, त्या म्हाताऱ्याने झांकीला वर्गणी दिली होती. पावतीवर नाव आणि रक्कम एवढ्याच जागा छापलेल्या असतात. त्याने नावापुढे आपल्या हाताने आणखी काही लिहिलं होतं. मग लेखाचा शेवट असा झाला:

“२०२४ च्या पावतीवर त्याचं नाव आहे, रक्कम आहे. नावापुढे, कोणी विचारलेलं नसताना: बुनाई खाता, दूसरी पाली.”

पावती हिंदीत होती, ते शब्द तसेच ठेवले. पण ही ओळ लागू पडावी म्हणून मधे दोन ठिकाणी पेरणी करावी लागली. तो दुसऱ्या पाळीत होता आणि रात्री उशिरा घरी यायचा, हे त्याच्या बायकोच्या बोलण्यात आधी आलं. आणि विणकाम खात्यातल्या ज्या चौकडीबरोबर तो डबा खायचा, त्यातला आता तो एकटाच उरला आहे, हे वर्गणीच्या भागात आलं. दोन्ही ठिकाणी एकेक वाक्य, जोर न देता. ही पेरणी नसती तर शेवटची ओळ नुसती माहिती झाली असती. शेवटाच्या शेजारीच, एक परिच्छेद आधी पेरलं असतं, तर वाचकाला डाव आधीच कळला असता.

मराठीत याला एक व्याकरणाची बाजूही आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून बेसावध लिहिलेला लेख “होते”, “आहे” किंवा “असं ते म्हणाले” यावर संपतो. वाचकाच्या कानात शेवटचा शब्द राहतो आणि तो शब्द “म्हणाले” असेल तर बोललेलं सगळं पुसट होतं. बोलणाऱ्याचं नाव आधी घ्यावं, बोलणं नंतर. वर “बुनाई खाता, दूसरी पाली असं लिहिलेलं आहे” केलं तर वाक्य शुद्ध राहतं, पण पाली मागे पडते आणि “आहे” पुढे येतं. ही युक्ती मात्र शेवटीच वापरावी. लेखभर क्रियापदं गाळली की तिचा परिणाम उरत नाही.

या मजकुरातला एक भाग मला काही लेखांपुरता मान्य आहे. वाचकाला काही करायचं असेल, म्हणजे वारसाने देण्यांसाठी कुठे अर्ज करायचा, कोणते कागद लागतात, तर ते शेवटी सरळ लिहावं. तिथे सूचक शेवट करणं वाचकावर अन्याय आहे. पण ती माहिती वेगळ्या चौकटीत गेलेली बरी.

शेवटी पानाबद्दल थोडं, कारण चांगला शेवट बऱ्याचदा तिथेच मरतो. बातमी खालून कापायची सवय उपसंपादकांना जुनी आहे, आणि पान लावताना चार ओळी जास्त झाल्या की हात आपोआप तळाकडे जातो. म्हणून लेख देतानाच वर लिहावं की शेवटचा परिच्छेद कापू नये, आणि जागा कमी पडली तर कोणता परिच्छेद काढावा तेही सांगून ठेवावं. या लेखात आम्ही झांक्यांच्या बक्षिसांचा परिच्छेद नेमून दिला होता. पान लागताना तोच गेला.