92 टक्के, पण कोणाचे?

काल रात्री बडोद्यात सूरसागर तलावाच्या पाळीवर वाद पेटला तो अण्णाच्या भाच्यावरून. पोरगा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालाय आणि डेटा ॲनालिटिक्सच्या सहा महिन्यांच्या कोर्सला 1,40,000 रुपये भरायला निघालाय. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलंय: प्लेसमेंटची गॅरंटी, 92 टक्के प्लेसमेंट, 200 हायरिंग पार्टनर.

बाळ्याचं म्हणणं, भरू दे. "घरी बसून तरी काय करणार आहे? आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांचे लोगो काय उगाच लावतील?"

यावर पम्या उसळला. तो मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत भरतीचं काम पाहतो. "आमचा लोगो एका क्लासच्या भिंतीवर मी स्वतः पाहिलाय. त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा स्वतः अर्ज करून आमच्याकडे लागला होता. बाकी त्यांचा आमचा काडीचा संबंध नाही." लोगोंपैकी चार-पाच निवडायचे, असं तो म्हणाला, आणि क्लासला विचारायचं: या कंपनीनं गेल्या वर्षी तुमच्याकडून किती जण घेतले, कोणत्या पदावर, आणि मुलाखत तुम्ही लावून दिलीत का? मग तोच प्रश्न त्या कंपनीच्या एचआरला ईमेलनं करायचा.

तेवढ्यात भाच्यानं फोनवर कराराचा मसुदा उघडला, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. 92 टक्के हे ‘पात्र विद्यार्थ्यांचे’ आहेत. पात्र कोण? 80 टक्के हजेरी, सगळे प्रोजेक्ट वेळेत, सराव परीक्षेत 70 गुण, देशात कुठेही जायची तयारी. शिवाय आलेली पहिली ऑफर नाकारली की गॅरंटी संपली.

अण्णानं तिथल्या तिथे हिशेब मांडला. समज, 60 जणांनी पैसे भरले आणि अटींतून 25 पार पडले. त्यातले 23 लागले की झाले 92 टक्के. पण 60 मधले 23 म्हणजे 38 टक्केच. आता त्या 23 मध्ये सात जण तीन महिन्यांच्या इंटर्नशिपवर, चौघांना त्याच क्लासनं ॲडमिशनचे फोन करायला ठेवलेलं आणि तिघं विम्याच्या विक्रीत असतील, तर डेटाचं काम मिळालेले उरले नऊ. पैसे भरताना आपण त्या 60 मध्ये असतो, 25 मध्ये नाही.

"पण जो वर्गातच येत नाही त्याला क्लासनं नोकरी कुठून द्यायची?" बाळ्यानं विचारलं. त्याचा मुद्दा रास्त आहे. अट घालायला माझी हरकत नाही. अट गाळून आकडा तेवढा छापण्याला आहे. 60 पैकी किती पात्र ठरले हे जो क्लास आपणहून सांगतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन, मग त्याचा आकडा 40 टक्के का असेना.

मागच्या बॅचची चौकशी कशी करायची, यावर मात्र पम्याचं सगळ्यांना पटलं. नुकतीच संपलेली बॅच घ्यायची नाही, कारण त्यातल्या नोकऱ्या टिकल्या का हे अजून कळत नाही. साधारण वर्षापूर्वी संपलेली घ्यायची. लिंक्डइनवर क्लासचं नाव शोधून त्या बॅचचे लोक आपण निवडायचे. क्लासनं दिलेल्या नंबरांवर थांबायचं नाही, ते जाहिरातीतलेच निघतात. विचारायचं एवढंच: आज काय काम करतोस, हातात किती येतात, मुलाखत कोणी लावली आणि कोर्सच्या आधी अनुभव किती होता? शेवटच्या प्रश्नात पुष्कळदा ‘सर्वोच्च पॅकेज’चा उलगडा होतो. तो माणूस आधीच चार वर्षं नोकरीत असतो, आणि त्याच्या एकट्याच्या आकड्यानं बॅचची सरासरीही फुगते. म्हणून क्लासला सरासरी विचारायची नाही, पगार चढत्या क्रमानं लावून मधल्या मुलाचा विचारायचा.

हप्त्यांचा विषय निघाल्यावर बाळ्याही गप्प झाला. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे भाच्याच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास एकरकमी पैसे घेऊन मोकळा होतो, आणि नोकरी लागो न लागो, हप्ता भाच्याच्या खात्यातून जातच राहतो.

हे चालू असतानाच क्लासच्या बाईंचा फोन आला: 20,000 ची सूट आज रात्री 12 पर्यंतच. खोटी घाई लावणं आणि नोकरीची खोटी गॅरंटी देणं, दोन्ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या कोचिंगसाठीच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मना आहे. तक्रारीला 1915 ही हेल्पलाइन आहे. पम्यानं भाच्याला फोनवर काहीच कबूल करू दिलं नाही. वर्षापूर्वीच्या बॅचमध्ये किती जणांनी पैसे भरले, किती पात्र ठरले, कोण कुठे आणि कोणत्या पदावर लागलं, हे ईमेलनं कळवा, एवढंच त्याला बोलायला लावलं. बाई म्हणाल्या, सरांना विचारून सांगते. बाळ्याच्या मते सूट हातची गेली.