सेल्फीतले नाक आणि आरशातले नाक

"आरशावर विश्वास ठेवू नका, आरसा चेहरा उलटा दाखवतो. जग तुम्हाला जसं बघतं तसं फक्त फोनचा फ्रंट कॅमेरा दाखवतो. सेल्फीत नाक मोठं दिसतंय? मग ते मोठंच आहे. फोटो उलटा करून बघा, चेहरा किती वाकडा आहे ते कळेल. फिल्टर लावला नाही की फोटो शंभर टक्के ओरिजिनल. आणि फिल्टर तरी काय, फक्त रंग उजळतो."

हा मजकूर नववीतल्या एका विद्यार्थिनीने 'प्रकाशाचे परावर्तन' हा धडा चालू असतानाच वाचून दाखवला आणि विचारले, "बाई, मग आरशाचे नियम शिकून उपयोग काय?" त्यानंतरच्या दोन तासिकांत वर्गाला जे सांगितले आणि करून दाखवले, ते येथे मांडत आहे.

सुरुवात आरशापासूनच करू. सपाट आरशात डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, हे खरे आहे. पण त्या अदलाबदलीने नाकाचे माप तसूभरही बदलत नाही. प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते जेवढ्या अंतरावर आपण त्याच्या पुढे असतो, हा नियम मुलांना पाठ असतो, मात्र त्याचा अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. आरशापासून ६० सेंटिमीटरवर उभे राहून केस विंचरणारी मुलगी स्वतःला १२० सेंटिमीटर अंतरावरून पाहत असते, आणि साधारण तेवढ्याच अंतरावरून समोरच्या बाकावरची मैत्रीण तिच्याशी बोलत असते. सेल्फीचा कॅमेरा मात्र चेहऱ्यापासून जेमतेम ३० ते ५० सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे चेहऱ्याच्या भागांचे परस्परांशी प्रमाण पाहायचे असेल, तर जगाच्या नजरेशी अधिक जुळणारा साक्षीदार आरसाच ठरतो.

आता नाकाचा प्रश्न. प्रयोगासाठी कोणाही विद्यार्थ्याचा चेहरा घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण वर्गात एकाचे नाक पडद्यावर मोठे झाले की त्या नाकाला वर्षभर सुट्टी मिळत नाही. म्हणून आम्ही दहा रुपयांची दोन सारखी नाणी घेतली. पुढचे नाणे नाकाच्या शेंड्याच्या जागी आणि मागचे नाणे त्याच्यामागे १२ सेंटिमीटरवर कानाच्या जागी, किंचित बाजूला सरकवून, मातीच्या गोळ्यांत उभे केले. मोठ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे मागे जाणारे अंतर साधारण एवढेच असते. फोन पुढच्या नाण्यापासून ३० सेंटिमीटरवर ठेवून छायाचित्र घेतले आणि पडद्यावर दोन्ही नाण्यांची रुंदी मोजली. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, आणि हे प्रमाण अंतराच्या व्यस्त असते. म्हणून पुढचे नाणे मागच्याच्या ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट दिसायला हवे. मग फोन १५० सेंटिमीटरवर नेला. आता गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे सुमारे १.०८ एवढेच उरते. नाणी बदलली नाहीत, भिंग बदलले नाही, प्रकाशही बदलला नाही; केवळ फोन जवळ आणल्याने 'नाक' 'काना'च्या तुलनेत जवळजवळ १.३ पट फुगले.

हेच गणित २०१८ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांविषयीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सेल्फी पाहून नाक लहान करून मागणारे लोक त्यांच्याकडे येत होते, त्यातून हा अभ्यास उभा राहिला. चेहऱ्याच्या सरासरी मापांवरून केलेल्या त्यांच्या गणिती प्रारूपात, पाच फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत बारा इंचांवरच्या सेल्फीत नाकाची रुंदी पुरुषांत सुमारे ३० टक्के आणि स्त्रियांत सुमारे २९ टक्के अधिक दिसते. आमच्या नाण्यांचा आकडा त्याच्या इतका जवळ यावा, हे काही अंशी योगायोगाचे आहे, कारण त्यांनी नाक गालांच्या हाडांमधील रुंदीशी ताडले होते आणि आम्ही कानाशी. पण परिणामाची दिशा आणि कारण एकच आहे.

यावर एका मुलाने चांगली शंका काढली की दोष भिंगाचा आहे, अंतराचा नाही. तिची तपासणी सोपी होती. फोन १५० सेंटिमीटरवरच ठेवून एकदा साध्या भिंगाने आणि एकदा झूम करून छायाचित्र घेतले, आणि पहिले कापून दुसऱ्याएवढे केले. दोन्हीत नाण्यांचे गुणोत्तर तेच आले. रुंद कोनाचे भिंग गुन्हेगार भासते ते एवढ्याचसाठी, की चौकट भरायची असेल तर ते आपल्याला जवळ जायला लावते. मात्र भिंगाची एक स्वतंत्र खोडी आहे आणि ती वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात दिसते: फोनच्या मुख्य भिंगाच्या रुंद चौकटीत अगदी कडेला उभी असलेली मुले बाहेरच्या दिशेने ताणली जातात आणि मधल्यांपेक्षा जाड दिसतात. हा ताण मध्यापासूनच्या कोनावर अवलंबून असतो. ३४ अंशांवर तो सुमारे एक पंचमांश भरतो. काही फोन तो आपोआप दुरुस्त करतात. ज्यांत तशी सोय नाही, तिथे छायाचित्रकाराने चार पावले मागे जावे आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडावी.

कोनाचेही गणित अंतराचेच आहे. हात उंच करून वरून सेल्फी घेतली की कपाळ आणि डोळे कॅमेऱ्याजवळ येतात आणि हनुवटी दूर जाते. भुवईपासून हनुवटीपर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटर धरले आणि कॅमेरा ४५ अंश वर असेल, तर हनुवटी भुवईपेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर मागे पडते. ३० सेंटिमीटरवरच्या फोनला हा फरक मोठा आहे. हनुवटी डोळ्यांच्या तुलनेत पाचव्या हिश्शाहून अधिक लहान उमटते. तोच कोन दोन मीटरवरून घेतला, तर हा फरक जेमतेम चार टक्के राहतो. छायाचित्र कुठून घेतले हे नंतर ओळखायचे असेल, तर कानांकडे पाहावे: समोरून घेतलेल्या छायाचित्रात कान गालांआड दडलेले किंवा अगदी चिमुकले दिसत असतील, तर कॅमेरा फार जवळ होता.

मग सेल्फी खोटी ठरते का? नाही, आणि येथे मला त्या मजकुराच्या लेखकाला थोडा न्याय द्यावासा वाटतो. ३० सेंटिमीटरवर एकच डोळा ठेवला, तर त्याला प्रमाण तसेच दिसेल. अडचण अशी की छायाचित्र ज्या अंतरावरून घेतले, त्याच्याशी जुळणाऱ्या अंतरावरून आपण ते पाहत नाही. पंधरा सेंटिमीटर रुंद चेहरा पडद्यावर पाच सेंटिमीटरचा झाला असेल, तर प्रमाण नैसर्गिक वाटण्यासाठी फोन डोळ्यांपासून दहा-बारा सेंटिमीटरवर धरावा लागेल, आणि इतक्या जवळचे बहुतेक मोठ्या माणसांना स्पष्ट दिसतच नाही.

उलट्या केलेल्या छायाचित्राचा धक्का मुलांना सर्वाधिक बसतो, म्हणून त्यावर वर्गात थोडा अधिक वेळ दिला. समजा, एखाद्याचे नाक मध्यरेषेपासून २ मिलिमीटर एका बाजूला आहे. आरशात त्याने जन्मभर ते त्याच बाजूला पाहिले आणि त्यालाच सरळ मानले. प्रतिमा उलटवली की नाक मध्यरेषेच्या दुसऱ्या बाजूला २ मिलिमीटर जाते, म्हणजे ओळखीच्या जागेपासून ४ मिलिमीटर सरकते. डोळ्याला खटकते ती ही दुप्पट झालेली सरक; चेहरा प्रत्यक्षात तितका वाकडा नसतो. शिवाय इतरांनी त्याला कायम त्याच रूपात पाहिलेले असल्याने त्यांना त्यात काहीही वावगे वाटत नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये मीटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी तरुणींना स्वतःच्या छायाचित्राच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी. त्यांचा कल आरशातल्या प्रतीकडे होता, तर त्यांच्या निकटच्या माणसांचा सरळ प्रतीकडे. ज्याला जी बाजू सवयीची, त्याला ती बरी वाटली.

फिल्टर न लावलेले छायाचित्र मूळ स्वरूपातले असते, हे विधान आजच्या फोनला लागू पडत नाही. बटण एकदा दाबले तरी फोन अनेक चौकटी टिपून त्यांची एक करतो, सावल्या उजळतो आणि अंधुक प्रकाशातले ठिपके पुसतो. त्या पुसण्यात त्वचेची रंध्रे आणि बारीक लव यांचाही बळी जातो. त्याखेरीज अनेक फोनांच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी 'ब्यूटी' सोय असते, आणि ती काहींत फोन विकत घेतल्यापासूनच चालू असते. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनांवर ही सोय मुळात बंद ठेवण्याचे जाहीर केले, ते वापरणाऱ्याला न सांगता होणारा हा बदल योग्य नाही म्हणूनच. तपासायचे असल्यास खिडकीच्या उजेडात एकाच जागेवरून ती सोय चालू आणि बंद ठेवून दोन छायाचित्रे घ्यावीत आणि नाकाजवळचा गाल व भुवईची कड मोठी करून पाहावी.

राहिला रंग उजळण्याचा मुद्दा. सौंदर्य-फिल्टर आधी चेहऱ्यावर डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठ आणि जबड्याची कड असे अनेक बिंदू शोधतो, त्यांवर त्रिकोणांची जाळी अंथरतो आणि मग ती जाळी ओढतो: डोळ्यांभोवतीचे त्रिकोण फुगवतो, नाकाचे आणि जबड्याचे आत ढकलतो. रंग त्यानंतर येतो, आणि तोही बहुधा एकाच दिशेने, म्हणजे गोरेपणाकडे; हा कल ठरवणारी माणसे असतात, प्रकाशाचा कोणताही नियम नाही. ही ओढाताण पकडण्यासाठी आम्ही फळ्यावर आलेख कागद चिकटवला आणि त्याच्यासमोर मी स्वतः उभी राहिले. फिल्टर चालू करताच माझ्या जबड्यालगतच्या चौकटी आत वाकल्या आणि चष्म्याची काडी कानाजवळ वाकडी झाली, तेव्हा वर्गात जो हशा पिकला, तो माझ्या खात्यावर जमा झाला.

या चाचणीला मर्यादा आहे. नवे फिल्टर चेहरा आणि पार्श्वभूमी वेगळी करून फक्त चेहराच पुन्हा रंगवतात. तिथे कागदाच्या रेषा सरळच राहतात, आणि पूर्वी चेहऱ्यासमोर हात नेला की जे फिल्टर अडखळत, तसे हे प्रत्येक वेळी अडखळत नाहीत. अशा वेळी पट्टी घ्यावी. फोन हलवता येणार नाही असा टेकवून, चेहरा स्थिर ठेवून, फिल्टरसह आणि फिल्टरविना दोन छायाचित्रे घ्यावीत आणि दोन्हींत एका डोळ्याची रुंदी भागिले दोन्ही कानांमधील अंतर हे गुणोत्तर काढावे. आमच्या दोन छायाचित्रांत ते जुळले नाही, आणि "फक्त रंग" हे शब्द ज्या मुलाने अखेरपर्यंत लावून धरले होते, त्यानेच तो भागाकार फळ्यावर मांडला.